स्टेन्सिल वर, चित्र खाली

ब्लेडबाईंना कुणी खऱ्या नावाने हाक मारली असती, तर त्यांनी ओ दिली असती की नाही याची शंकाच आहे. कापडावर छपाई करणाऱ्या त्या कारखान्यात त्या सव्वीस वर्षं वरच्या खोलीत बसत होत्या, आणि सव्वीस वर्षं त्यांच्या उजव्या हातात एक तर ब्लेड असे, नाहीतर काळ्या शाईचं पेन. खाली फ्रेम लावून पिशव्या छापणारे लोक त्यांना बाईच म्हणत, मालकही बाईच म्हणत. ब्लेडबाई हे नाव पाठीमागे घ्यायचं होतं. ते त्यांच्या कानावर गेलं, त्यांना ते आवडलं, आणि मग ते तोंडावरही घेतलं जाऊ लागलं.

त्यांचं काम सांगायला सोपं होतं. गिऱ्हाइकाचं चित्र समोर ठेवायचं, त्यावर ट्रेसिंग पेपर लावायचा. चित्रातला पिवळा भाग एका कागदावर, लाल दुसऱ्यावर, आणखी रंग असला तर तिसऱ्यावर. रंग कुठलाही असो, भरायचा मात्र काळ्या शाईने. का, तर तो कागद खाली जातो, लेप दिलेल्या जाळीवर ठेवतात आणि वर झगझगीत दिवा लावतात. उजेड पडला तिथला लेप कडक होतो. काळ्याखालचा मऊ राहतो, पाण्याने धुतला की निघून जातो, आणि तिथून शाई कापडावर उतरते. जिथे काळं, तिथे शाई. हे ब्लेडबाईंच्या अंगात इतकं मुरलं होतं, की झोपेतून उठवून विचारलं असतं तरी त्यांनी हेच सांगितलं असतं.

मोठी अक्षरं, मोठे आकार असले की त्या जाड पुठ्ठ्याची स्टेन्सिल कापत. ब्लेड एकदा टेकलं की आकार पुरा होईपर्यंत उचलायचं नाही, हा त्यांचा हट्ट. तिथे त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

पण आता गिऱ्हाइकं चित्र कागदावर पाठवतच नव्हती. ती कॉम्प्युटरवर यायची, तिथेच दुरुस्त व्हायची, तिथेच रंग वेगळे व्हायचे आणि प्रिंटरमधून, ट्रेसिंगच्या जागी वापरायच्या पारदर्शक फिल्म बाहेर पडायच्या. त्यासाठी मालकांनी चार वर्षांपूर्वी एक ऑपरेटर ठेवली होती. चुणचुणीत पोरगी, तोंडाची जरा फटकळ. तिच्या नवऱ्याची बदली झाली, तिने राजीनामा दिला, आणि मालकांनी ब्लेडबाईंना सरळ सांगून टाकलं.

"बाई, ब्लेडचं काम महिन्यात दोनदा येतं. कॉम्प्युटर शिकलात तर खुर्ची तुमची. नाहीतर सोमवारी बाहेरचा माणूस बसवतो. मग वर तुम्हाला देण्यासारखं माझ्याकडे काही राहत नाही."

मालक वाईट नव्हते, त्यांनी गोड बोलून फसवलंही नव्हतं. ते बरोबर बोलत होते, आणि ब्लेडबाईंना झोंबलं ते हेच.

घरी मुलाचं टुमणं चालूच होतं. आई, आता पुरे कर, आमच्याकडे ये. मुलगा गुणी, सून बोलायला गोड. पण मागे आठ दिवस राहून आल्या, तेव्हा पंखा लावू का असं विचारून पंखा लावायचा, दूध आणू का असं विचारून दूध आणायचं, असे दिवस काढले होते. सून कधी नाही म्हणाली नाही. पण विचारावं लागत होतं. ती खोली, तो पलंगाचा कोपरा आणि खिडकीतून दिसणारा पलीकडच्या इमारतीचा पाइप आठवला, की ब्लेडबाई तो विषयच बदलायच्या.

जाण्याआधी ऑपरेटरनेच दोन आठवडे ब्लेडबाईंची शिकवणी घेतली. शिकवणीचा निकाल शनिवारी सकाळी जिना चढताना त्यांच्या कानावर पडला. ऑपरेटर वर मालकांना सांगत होती, "पालथ्या घड्यावर पाणी आहे हो. मावशींना नाही जमायचं. तुम्ही माणूस ठरवून टाका." मालक म्हणाले, "आजचा दिवस बघू. तो कोंबडा त्यांच्याच हाताने होऊ दे. चार वाजता मला फिल्म हव्यात." ब्लेडबाई तीन पायऱ्या खाली उतरल्या, मुद्दाम पाय वाजवत परत वर आल्या, आणि काही ऐकलंच नाही अशा चेहऱ्याने खुर्चीत बसल्या.

कोंबडा म्हणजे एका अंड्यांच्या दुकानाच्या कापडी पिशवीवर छापायचं चित्र. अंग पिवळं, पायांवर आणि डोळ्याभोवती काळ्या रेघा. शेपटी आणि तुरा लाल, पण सपाट लाल नाही. गिऱ्हाइकाने पिसांच्या लाल रेघांचा एक अख्खा चौकोनी नमुना वेगळा पाठवला होता आणि तो फक्त शेपटीत आणि तुऱ्यात दिसायला हवा होता.

"पिसांची लेयर सिलेक्ट करा," ऑपरेटर म्हणाली. "मास्क लावा. मास्कवर जा. लेयरवर नाही, मास्कवर. अहो, परत लेयरवर गेलात."

"मास्क म्हणजे काय?"

"मास्क म्हणजे मास्क. झाकायचं."

"काय झाकायचं? कशाने? आणि काल मी पिवळं भरलं ते कुठे गेलं? भरताना माझा हात हलला, पडद्यावर काहीच उमटलं नाही."

"उमटलं होतं. खालच्या लेयरवर."

"खाली म्हणजे कुठे खाली? टेबलाखाली?"

ऑपरेटरने कपाळावर हात मारला. "मावशी, लहान मुलाला कळतं हो."

मग मात्र ब्लेडबाईंचं डोकं सटकलं. त्यांनी माउस बाजूला सारला. "लहान मुलाला कळतं ना? मग लहान मुलाला सांगतेस तसं सांग. चौदा दिवस तू तेच चार शब्द माझ्या तोंडावर फेकते आहेस. लेयर म्हणजे लेयर, मास्क म्हणजे मास्क. मला शिकता येत नाही असं नाही, पोरी. तुला सांगता येत नाही."

ऑपरेटरचे कान लाल झाले. तिला आजवर असं कुणी बोललं नव्हतं. ती उठली, आता खाली जाऊन मालकांना सांगणार असं ब्लेडबाईंना वाटलं, आणि एवढं तोडून बोलल्याचा त्यांना पश्चात्तापही झाला. पण ती दाराकडे गेली नाही. ती ब्लेडबाईंच्या जुन्या टेबलाशी गेली, खणातून तीन ट्रेसिंग पेपर काढले आणि खाली दिवा बसवलेल्या टेबलाच्या काचेवर आणून आपटले.

"सांगा, या कोंबड्याचे रंग तुम्ही कसे वेगळे केले असते?"

"त्यात काय सांगायचं? हा पिवळ्याचा, हा लालचा, हा काळ्याचा. एकावर एक."

"मग हीच लेयर. एवढंच आहे ते." तिने पडद्याच्या उजव्या कडेच्या यादीवर बोट ठेवलं. "ही तुमच्या कागदांची चळत. यादीत वर तो कागद वर, खाली तो खाली. हा डोळा दाबला की कागद उचलून बाजूला ठेवला. परत दाबला की परत जागेवर. या राखाडी-पांढऱ्या चौकटी दिसतात ना, तो कोरा ट्रेसिंग. त्यातून खालचं दिसतं."

ब्लेडबाईंनी डोळा दाबला, काळ्या रेघा गेल्या. परत दाबला, आल्या. त्यांच्या कपाळावरची आठी हळूहळू सुटत गेली.

"आणि काल माझं पिवळं?"

"तुम्ही या सगळ्यात खालच्या कागदावर काढलं. वरच्या कागदावर तिथे भरलेला लाल होता. मग दिसणार कसं? यादीत ज्या कागदावर तुमचं बोट, त्याच कागदावर रेघ उठते. वरून सगळे एकच दिसतात म्हणून फसायला होतं."

"अगं बाई," ब्लेडबाई म्हणाल्या. "म्हणजे दोन आठवडे मी कुठला कागद हातात आहे ते न बघताच शाई लावत होते." आपल्या जुन्या टेबलावर ही चूक कुणी केली असती तर तिला त्यांनी दिवसभर सोललं असतं. त्यांना स्वतःचंच हसू आलं, आणि आश्चर्य म्हणजे ऑपरेटरही हसली.

आता तिला सांगण्यात रंग चढला. तिने पिसांच्या नमुन्याची कागदावरची प्रत घेतली, पुठ्ठ्याचा तुकडा ब्लेडबाईंसमोर टाकला. "शेपटी कापा." ब्लेडबाईंनी ब्लेड टेकवलं आणि न उचलता शेपटी कापून दिली. ऑपरेटरने तो भोक पडलेला पुठ्ठा पिसांच्या कागदावर ठेवला. भोकातून शेपटीएवढीच पिसं दिसू लागली.

"हा मास्क. एका कागदावर ठेवलेली स्टेन्सिल. खालच्या पिसांना ब्लेड लागलं का?" तिने पुठ्ठा सरकवला. पिसं खाली अख्खीच्या अख्खी होती. "कागद तसाच राहतो. नुसतं कुठे दिसायचं आणि कुठे नाही, ते ठरतं. आणि ही स्टेन्सिल त्या एकाच कागदाची, बाकीच्या कागदांना तिचा काही त्रास नाही. आता कॉम्प्युटरमध्ये ब्लेड नाही, तिथे मास्क काळ्या-पांढऱ्याने रंगवायचा. करडा रंग दिला तर अर्धवट दिसतं, ते आपल्याला इथे नको. तर काळ्याने—"

तिचा फोन वाजला. तिने नाव बघितलं, चेहरा बदलला, आणि "आलेच" म्हणून ती जिन्यावर गेली.

घड्याळात दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. ब्लेडबाईंनी पाच मिनिटं वाट बघितली, मग त्यांना वाटलं, आता काय राहिलं आहे? काळं म्हणजे काय ते मला ही कालची पोरगी सांगणार? त्यांनी यादीत बघून पिसांच्या कागदावर बोट ठेवलं. हो, बघून. मास्क लावला, पांढरीशुभ्र छोटी चौकट कागदाच्या चित्राशेजारी उमटली. तिच्यावर क्लिक केलं. शेपटी आणि तुरा यांच्या कडेने आकार निवडला. चांगली वीस मिनिटं लागली, पण कड अशी आली की ब्लेडने कापली असती तरी याहून सुबक आली नसती. मग आत भरायला रंग निवडला, काळा. पिसं इथे उतरायला हवीत ना, मग इथे काळं.

त्यांनी भरलं, आणि कोंबडा लाल पिसांत बुडाला.

अंग नाही, पाय नाहीत, सगळीकडे पिसंच पिसं. आणि जिथे ती हवी होती, त्या शेपटीत आणि तुऱ्यात एकही पीस नाही. नुसत्या राखाडी-पांढऱ्या चौकटी. ब्लेडबाईंचे धाबे दणाणले. प्रत्येक पायरीला सेव्ह करा, असं चौदा दिवस ऐकलं होतं, म्हणून घाबरून त्यांनी सेव्ह केलं. फाइल बंद केली, श्वास घेतला, परत उघडली. तशीच. शेपटीच्या जागी भोक. गिऱ्हाइकाची पिसं आपण कापून टाकली, ती आता कुठून आणायची? करायला गेलो एक आणि झालं भलतंच. त्यांच्या डोळ्यांसमोर तो पलंगाचा कोपरा आला, तो पाइपसुद्धा आला.

खालून मालकांचा आवाज आला. "बाई, तीन वाजले. अजून तासभर आहे."

जिन्यावर पावलं वाजली. ऑपरेटर फोन हातात धरूनच दारात आली. तिने पडदा बघितला, लगेच सगळं समजलं तिला, ते तिच्या डोळ्यांत दिसलं. पण ती काही बोलली नाही. दाराच्या चौकटीला टेकून नुसती उभी राहिली. तिने एकदा फोनकडे बघितलं, एकदा घड्याळाकडे.

"गेलं का गं सगळं?" ब्लेडबाईंनी विचारलं.

ऑपरेटर गप्प.

"बोल की. मी सेव्हसुद्धा केलं."

तरी ती गप्पच. आता हिच्या गप्प बसण्याचा अर्थ काय लावायचा? ब्लेडबाईंना राग यायला हवा होता, पण भीतीने रागाला जागाच ठेवली नव्हती. त्या पडद्याकडे बघत राहिल्या, आणि त्यांची नजर काचेवरच्या पुठ्ठ्याकडे गेली. शेपटीचं भोक पडलेला पुठ्ठा, आणि त्याखाली पिसांचा कागद, अख्खा.

"थांब," त्या म्हणाल्या, जणू ऑपरेटर कुठे निघालीच होती. "ही स्टेन्सिल आहे ना? मी रंगवलं ते स्टेन्सिलला. पिसांच्या कागदाला मी हातच लावलेला नाही. मग पिसं जातील कुठे? स्टेन्सिल उचलता यायला हवी." त्या वळल्या. "स्टेन्सिल उचलतात कशी?"

ऑपरेटरने फोन ओढणीत गुंडाळला. ती एवढ्या हळू बोलली की ब्लेडबाईंना पुढे वाकावं लागलं. "शिफ्ट दाबून धरा, आणि मास्कवर क्लिक करा."

ब्लेडबाईंनी केलं. मास्कच्या चौकटीवर लाल फुली आली आणि पिसांचा नमुना सगळा, शेपटीच्या जागेसकट, समोर उभा राहिला. परत क्लिक केलं, परत भोक. उचलली, ठेवली. उचलली, ठेवली. काही गेलेलं नव्हतं. त्यांनी पदराने कपाळ पुसलं.

"मग माझं चुकलं काय? काळं भरलं ना मी."

"काळं म्हणजे पुठ्ठा, मावशी. पांढरं म्हणजे भोक. इथे पांढऱ्यातून दिसतं, काळ्याने झाकतं." ऑपरेटर आता खुर्ची ओढून शेजारी बसली होती. "मी सांगतच होते, तेवढ्यात फोन आला."

"असं आहे होय. आमच्या फिल्मवर काळं म्हणजे शाईला वाट. इथे काळं म्हणजे दार बंद. सगळं उरफाटं." ब्लेडबाई हे स्वतःलाच सांगत होत्या. "म्हणजे कड माझी बरोबर आहे. नुसतं काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं करायचं. सबंध परत करायला लागेल?"

"नाही. मास्कवर असताना कंट्रोल आणि आय एकदम दाबा."

दोन बोटं पडली आणि कोंबडा पिसांतून वर आला. पिवळं अंग, लाल शेपटी, लाल तुरा. ऑपरेटर म्हणाली, "झालं. आता फिल्म काढा." साडेतीन झाले होते.

ब्लेडबाई मात्र पडद्याजवळ डोळे नेऊन बघत बसल्या. "नाही झालं. ही शेपटी अंगाला जिथे मिळते, तिथे पिवळं संपतं आणि लाल सुरू होतं, अगदी केसाला केस लावून. मध्ये काळी रेघपण नाही."

"मग छानच आहे की."

"पडद्यावर छान आहे. पडदा ताणत नाही. खाली कापड ताणतं, फ्रेम सुतभर हलते, आणि मग शेपटी आणि अंग यांच्या मधे पांढरी भेग दिसते. पिवळं हलका रंग, ते लालच्या खाली थोडं सरकवून ठेवायचं. मी ट्रेसिंगवर नेहमी ठेवते. पिवळ्याची स्टेन्सिल तेवढ्यापुरती एक सूत मोठी कापता येते का इथे?"

ऑपरेटर त्यांच्याकडे बघत राहिली. चार वर्षं ती हे काम करत होती, चार वर्षं खालून भेगांच्या तक्रारी येत होत्या आणि ती छापणाऱ्यांना नावं ठेवत होती. "येते," ती म्हणाली. "पिवळ्यालाही मास्कच आहे. तेवढा भाग निवडा, थोडा वाढवा, आणि पांढरं भरा."

"पांढरं म्हणजे भोक," ब्लेडबाई म्हणाल्या, आणि भरलं. एक पिवळी कड लालच्या खाली शिरली, वरून कुणाला दिसणारही नाही अशी.

चारला पाच मिनिटं असताना प्रिंटरने तिसरी फिल्म बाहेर टाकली. मालक वर आले. त्यांनी काचेखालचा दिवा लावला, तिन्ही फिल्म एकावर एक ठेवल्या, कोपऱ्यांतल्या खुणा जुळवल्या आणि भिंग घेऊन वाकले. बराच वेळ वाकून राहिले.

"शेपटीखाली पिवळं आत घेतलंय," मालक म्हणाले. "हे कुणी सांगितलं?"

"मावशींनीच," ऑपरेटर म्हणाली. "मला माहीत नव्हतं."

मालकांनी दिवा बंद केला. "ठीक आहे, बाई. सोमवारी इथेच बसा." एवढंच बोलून ते फिल्म घेऊन खाली गेले. ब्लेडबाईंना एकदम हलकं वाटलं.

तेवढ्यात जिन्यात मालकांशी कुणाची तरी गाठ पडल्याचा आवाज आला, आणि एक माणूस वर आला. चाळिशीचा, नीट भांग पाडलेला, शर्टला इस्त्री, हातात प्लॅस्टिकची फाइल. दारात चपला काढू की नको या विचारात तो थांबला.

"मघाशी फोनवर चारला ये म्हणाली होतीस," तो ऑपरेटरला म्हणाला. "मालक खालीच भेटले. सोमवारचं नको म्हणतात. काय झालं?"

"दादा," ऑपरेटर म्हणाली, "जागा भरली."

"भरली? सकाळी तर तू म्हणालीस, पक्की आहे. मी घरी सांगून बसलोय."

"सकाळी होती." ती त्याच्याकडे बघत नव्हती. "तू खाली थांब. मी येते."

त्याने ब्लेडबाईंना मान लववून नमस्कार केला, फाइल काखेत मारली आणि तो सावकाश जिना उतरला. त्याची पावलं जिन्यात संपली.

"माझा सख्खा भाऊ," ऑपरेटर म्हणाली. "आठ महिने घरी आहे. मीच मालकांना सांगितलं होतं, तुम्हाला नाही जमायचं म्हणून."

"ऐकलं मी. जिन्यावर होते."

"आणि मघाशी दारात मी मुद्दाम गप्प..."

"तेही बघितलं." ब्लेडबाईंनी तिचा हात धरला. "मग सांगितलंस कशाला गं? गप्प राहिली असतीस, तर मला काही कळलं नसतं."

"तुम्ही स्टेन्सिल उचलतात कशी असं विचारलंत. त्यानंतर खोटं कसं बोलणार?"

तिने डोळे पुसले, पर्स उचलली, वाकून ब्लेडबाईंच्या पाया पडली आणि भावाच्या मागे खाली गेली. ब्लेडबाईंना फार वाईट वाटलं, खरंच वाटलं. त्या माणसाचा इस्त्रीचा शर्ट त्यांच्या डोळ्यांसमोरून हलेना. एक हाक मारली असती तर तो जिन्याच्या तळाशीच होता. ती हाक त्यांच्या अगदी ओठांपर्यंत आली, पण त्यांनी ती मारली नाही, आणि त्या खुर्चीवरून उठल्याही नाहीत.